हत्तीची आठ घरे

मराठी घरातला बुद्धिबळाचा पट मांडला की कोपऱ्यात हत्ती, त्याच्या आत घोडा, त्याच्या आत उंट, मध्ये राजा आणि वजीर आणि पुढे आठ प्यादी अशी रांग उभी राहते. ही नावे आपण इतक्या सहज उच्चारतो की ती दोन वेगळ्या ठिकाणांहून आली आहेत, याकडे लक्ष जात नाही. राजा, हत्ती, घोडा, उंट ही नावे आपली, संस्कृत-प्राकृतातून उतरलेली. खेळाचे बुद्धिबळ हे नावही आपलेच. पण वजीर, प्यादे, शह आणि मात हे शब्द फारसी-अरबी वाटेने आले. म्हणजे सैन्यातली जनावरे घरची, पण डावातला सगळ्यात बलवान मोहरा, सगळ्यात लहान मोहरा आणि डाव ज्यावर संपतो ते दोन्ही शब्द परके. खेळ आपल्याकडे जन्मला आणि कायम आपल्याकडेच राहिला असता, तर असे घडले नसते. तो बाहेर गेला, तिकडे वाढला आणि तिकडचे शब्द घेऊन परत आला. संस्कृतातल्या चतुरंगाचे फारसीत चतरंग झाले, अरबीत शतरंज झाले आणि मग ते शब्द घोड्यांच्या टापांबरोबर दख्खनेत उतरले. खेळाच्या प्रवासाचा पहिला पुरावा असा आपल्या तोंडातच आहे.

या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट मांडायची आहे. बुद्धिबळ सुरुवातीला युद्धाचे चित्र होते आणि तेव्हा मोहऱ्यांच्या चाली त्या चित्रावरून ठरत होत्या. खेळ पश्चिमेकडे गेला तसे ते चित्र तिथल्या लोकांना अनोळखी झाले. अनोळखी झाले म्हणूनच चाली मोकळ्या झाल्या आणि पुढे त्या खेळाच्या स्वतःच्या गरजेप्रमाणे बदलल्या. बुद्धिबळाच्या इतिहासात नावांचे बदल आणि नियमांचे बदल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची सरमिसळ झाल्यामुळेच या विषयावर बरेच चुकीचे लिहिले गेले आहे.

आधी उगमाचे पाहू. चतुरंग म्हणजे चार अंगांचे सैन्य: हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. हा शब्द खेळापेक्षा कितीतरी जुना आहे. म्हणून एखाद्या जुन्या ग्रंथात चतुरंग शब्द दिसला की तिथे बुद्धिबळ होते, असे म्हणता येत नाही. तिथे बहुतेक वेळा खरेच सैन्य असते. अष्टापद, म्हणजे आठ-आठ घरांचा पट, हाही या खेळाच्या आधीपासून होता आणि त्यावर फाशांचे खेळ चालत. हे दोन शब्द शेजारी येतात तेव्हाच कान टवकारावेत. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात हर्षाच्या राज्यातल्या शांततेचे वर्णन करताना चतुरंगाची रचना आता फक्त अष्टापदावरच पाहायला मिळते, अशा अर्थाचा श्लेष केला आहे. श्लेष वाचणाऱ्याला कळायचा तर खेळ लोकांच्या ओळखीचा असावा लागतो. त्याच सुमाराच्या इराणी परंपरेत, पहलवी भाषेतल्या एका छोट्या ग्रंथात, हिंदुस्थानच्या राजाने हा खेळ कोडे म्हणून इराणचा बादशहा खुस्रोच्या दरबारी पाठवला आणि वजीर बुजुर्गमेहरने ते सोडवले, अशी कथा आहे. कथेतली माणसे कितपत खरी, हा भाग वेगळा. पण इराण्यांनी हा खेळ स्वतःचा न म्हणता हिंदुस्थानचा म्हटला, ही साक्ष मोलाची आहे. शेजाऱ्याचे श्रेय कोणी उगाच वाढवून सांगत नाही.

इथे एक आक्षेप नेहमी येतो आणि त्यात आपली भावना गुंतलेली असते, म्हणून तो नीट घ्यायला हवा. खेळ याहून कितीतरी प्राचीन आहे, मंदोदरीने रावणाचे मन रमवायला तो रचला, पांडव तो खेळत होते, असे म्हणतात. ब्रिटिश अभ्यासकांनीही एकेकाळी याला दुजोरा दिला होता. डंकन फोर्ब्स यांनी १८६० साली लिहिलेल्या इतिहासात, चार खेळाडूंनी फासे टाकून खेळायचा चतुरंग हाच मूळ खेळ आणि तो हजारो वर्षांपूर्वीचा, असे प्रतिपादन केले. त्यांचा आधार होता युधिष्ठिर आणि व्यास यांच्या संवादाचा. पण तो संवाद महाभारतात नाही. तो बंगालच्या रघुनंदनाच्या तिथितत्त्व या, सुमारे पाचशे वर्षांपूर्वीच्या, ग्रंथातून घेतलेला होता. महाभारतात ज्या खेळाने राज्य गेले ते द्यूत आहे. तिथे अक्ष आहेत, पण हत्ती-घोडे मांडलेला पट नाही. चौघांचा फाशांचा खेळ होता, यात शंका नाही. अल-बिरूनीने सुमारे १०३० साली उत्तर हिंदुस्थानात तो प्रत्यक्ष खेळला जातो असे नोंदवले आहे. पण दोघांच्या खेळाची साक्ष त्याच्या चारशे वर्षे आधीची आहे. प्राचीनता हवी म्हणून पुराव्याच्या पुढे धावण्याची गरज नाही. दीड हजार वर्षांचे वय हे काही कमी नाही.

महाराष्ट्राला जवळचे दोन दाखले इथे येतात. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसोल्लास रचला. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ त्यातल्या जुन्या मराठी ओळींमुळे माहीत आहे. त्याच्या क्रीडांच्या भागात चतुरंगाचे वर्णन आहे, राजाच्या करमणुकींच्या ओळीत. पुढे सतराव्या शतकात नीलकंठभट्ट यांनी भगवंतभास्कर हा बारा मयूखांचा ग्रंथ लिहिला. त्यांचे घराणे मूळचे पैठणचे, काशीत स्थायिक झालेले. त्यांचा व्यवहारमयूख मुंबई इलाख्याच्या न्यायालयांत हिंदू कायद्याचा आधार मानला गेला, म्हणून वकिलांना तो परिचयाचा. पण त्याच ग्रंथाच्या नीतिमयूखात, राजनीतीच्या विवेचनात, बुद्धिबळाच्या खेळाचाही विचार आहे. दोन्ही ठिकाणी खेळाची जागा एकच आहे, ती म्हणजे राजाच्या शेजारी. हिंदुस्थानात हा खेळ राजाच्या शिक्षणाचा आणि विरंगुळ्याचा भाग राहिला आणि पटावरचे सैन्य खऱ्या सैन्याची आठवण देत राहिले.

या आठवणीचा चालींवर काय परिणाम झाला, हे हत्तीइतके दुसऱ्या कुठल्याच मोहऱ्यात दिसत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीच्या वाचकाला हत्ती चित्रातला नाही. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीच्या जंगलात कमलापूरला वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे आणि २०२१ च्या ऑक्टोबरपासून छत्तीसगडातून आलेला रानटी हत्तींचा कळपही त्या जिल्ह्यात वावरला आहे. हत्ती कसा उभा राहतो, सोंड कुठवर जाते, पाय कसे रोवतो, हे ज्याने पाहिले आहे, त्याला अल-बिरूनीचे वर्णन लगेच पटेल. त्याने पाहिलेल्या खेळात हत्ती एक घर सरळ पुढे आणि एकेक घर चारही तिरप्या दिशांना जाई. एकूण पाच घरे. पुढची सोंड आणि चार पाय, असा त्याचा खुलासा त्याने दिला आहे. चाल इथे जनावराच्या अंगावरून काढली आहे. त्याच्या आधी, नवव्या शतकात, बगदादचा मोठा खेळाडू अल-अदली याने नोंदवले की हिंदी लोक हत्ती कोपऱ्यात मांडतात आणि तो सरळ रेषेत दोन घरे उडी घेतो. इराणी आणि अरब खेळात मात्र हत्ती राजा-वजिरांच्या शेजारी, आज आपला उंट असतो तिथे, उभा असे आणि तिरपी दोन घरे उडी घेई. एकाच जनावराच्या तीन चाली. ज्या देशात हत्ती डोळ्यांसमोर होता, तिथे त्याची चाल प्रांताप्रांतात वेगळी होती, कारण प्रत्येकाला आपल्या डोळ्यांनी पाहिलेला हत्ती पटावर हवा होता.

पश्चिमेकडे गेली ती यातली तिसरी चाल, तिरप्या दोन घरांच्या उडीची. ती किती दुबळी होती, हे पटावर करून पाहण्यासारखे आहे. आपल्या बाजूची पहिली ओळ धरा आणि घरे डावीकडून मोजा. तिसऱ्या घरावर एक हत्ती ठेवा. तो मधले घर ओलांडून तिरप्या दिशेने दुसऱ्या घरावर पडतो. अशा उड्या घेत तो आयुष्यभर फिरला तरी पहिल्या ओळीत तिसरे आणि सातवे, तिसऱ्या ओळीत पहिले आणि पाचवे, पाचव्या ओळीत पुन्हा तिसरे आणि सातवे, सातव्या ओळीत पहिले आणि पाचवे, एवढ्याच जागा त्याला मिळतात. चौसष्टपैकी आठ घरे. सहाव्या घरावरचा दुसरा हत्तीही असाच स्वतःच्या आठ घरांत कोंडलेला असतो आणि ती आठ पहिल्या हत्तीच्या आठांपेक्षा पूर्ण वेगळी असतात. त्यामुळे एका सैन्यातले दोन हत्ती एकमेकांना कधीच जोर देऊ शकत नाहीत. समोरच्याचे हत्ती आठव्या ओळीतून निघतात, म्हणून ते फक्त सम ओळींत फिरतात. आपले फक्त विषम ओळींत. चार हत्ती एकाच पटावर, पण एकाने दुसऱ्याला मारणे कधीच शक्य नाही. खऱ्या युद्धात हत्तीपुढे हत्तीच घालावा लागे आणि इथे त्यांची गाठच पडत नाही. युद्धाचे चित्र म्हणून ही चाल फसलेली होती आणि खेळाचा मोहरा म्हणूनही.

वजिराची गत याहून फार बरी नव्हती. जुना वजीर, म्हणजे फारसीतला फर्जीन, तिरपे एकच घर चाले. त्याच्या वाट्याला पटाची निम्मी घरे येत, पण तिथे पोहोचायला वेळ लागे. प्यादी पहिल्या चालीलाही एकच घर सरकत आणि शेवटच्या ओळीला पोहोचली तर त्यांचा हा दुबळा वजीरच होई. अशा सैन्याने डाव कसा चालत असेल, याचा अंदाज अरब ग्रंथांतून येतो. सुरुवातीच्या पुष्कळ चाली दोन्ही सैन्ये एकमेकांना स्पर्शही न करता आपापली मांडणी उभी करत असत. या ठरलेल्या मांडण्यांना ताबिया म्हणत. डाव म्हणजे खरा संघर्ष त्यानंतरच सुरू होई. मात करणेही अवघड असे, म्हणून आणखी एक विजय मान्य होता. समोरच्याचे सगळे सैन्य मारून राजा एकटा उघडा पाडला की डाव जिंकला. आपल्या देशी खेळात बुर्ज म्हणतात ती स्थिती हीच.

यावर एक सरळ प्रश्न येतो. चित्र अनोळखी झाले की चाली मोकळ्या होतात, असे म्हणायचे तर अरबांकडे का झाल्या नाहीत? बगदादमध्येही हत्ती रोजचा नव्हता. तरी तिथे सातआठशे वर्षे हत्ती तसाच दोन घरे उडत राहिला. हा प्रश्न रास्त आहे आणि त्याने माझ्या मांडणीला मर्यादा घालून दिली आहे. चित्र पुसले जाणे ही बदलाची मुभा आहे, बदलाचे कारण नव्हे. अरबांकडे खेळाचे शास्त्र तयार झाले होते. अल-अदली आणि त्याच्या मागून दहाव्या शतकातला अस-सूली यांनी ग्रंथ लिहिले, मांडण्या ठरवल्या, मन्सूबा म्हणजे डावाची कोडी रचली आणि खेळाडूंची प्रतवारी लावली. नियम बदलला असता तर हे सगळे ज्ञान एका रात्रीत निरुपयोगी झाले असते. ज्यांच्याकडे जपण्यासारखे शास्त्र असते, ते नियम सहज बदलत नाहीत. युरोपात गेला तो खेळ, पण त्याच्या पाठीवरचे शास्त्र फार थोडे गेले. तिथे गावोगावी नियमांत फरक होते आणि कोणाचाच शब्द अखेरचा नव्हता.

युरोपात चित्र कसे पुसले, हे हत्तीच्या नावांवरून कळते. अरबीत हत्तीला फील म्हणतात, त्याचे अल्-फील झाले. स्पेनने तो शब्द अर्थ न कळता तसाच ठेवला. इटलीत तो ध्वज धरणारा झाला, फ्रान्समध्ये विदूषक, इंग्लंडमध्ये बिशप, जर्मनीत धावक. लाकडाच्या मोहऱ्याला वर दोन टोके असत, ती मुळात सुळ्यांची खूण. ती कोणाला बिशपच्या टोपीसारखी वाटली, कोणाला विदूषकाच्या. आज आपला हत्ती असतो त्या कोपऱ्यातल्या रथाचेही तसेच. फारसीतल्या रुखचा अर्थ हरवला आणि इटालियन लोकांना त्यात किल्ल्याचा शब्द ऐकू आला, म्हणून कोपऱ्यात बुरूज उभा राहिला. वजिराची राणी झाली. पण या काळात चाली त्याच होत्या. स्वित्झर्लंडमधल्या आइनसीडेल्न मठात दहाव्या शतकाच्या अखेरीच्या लॅटिन पद्यात राणी पटावर आहे आणि ती तिरपे एकच घर चालते. १२८३ साली कॅस्टाइलच्या दहाव्या आल्फोन्सोने खेळांवर चित्रमय ग्रंथ करवून घेतला. त्यात प्याद्याला पहिल्या चालीला दोन घरांची मुभा आलेली दिसते, पण हत्ती जुनीच उडी घेतो. जर्मनीत बारा स्तंभांच्या मोठ्या पटावर एक वेगळा खेळ चाले आणि त्यात हत्तीखेरीज धावक नावाचा जादा मोहरा तिरप्या रेषेत हवा तितका जाई. आजच्या उंटाची चाल अशी आधीच कुठेतरी करून पाहिलेली होती.

मोठा बदल पंधराव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात, स्पेनच्या व्हॅलेन्सियात, १४७५ च्या आसपास दिसतो. तिथल्या तीन कवींनी एका डावाच्या रूपकावर रचलेल्या काव्यात राणी आजच्या चालीने चालते. १४९७ मध्ये सालामांका येथे छापलेल्या लुसेनाच्या पुस्तकात जुन्या आणि नव्या अशा दोन्ही पद्धतींची कोडी शेजारी आहेत, कारण वाचकांपैकी कोण कसा खेळत असेल याची खात्री नव्हती. बदल नेमका कुठे झाला, ते मोजून पाहावे. मागच्या ओळीत आठ मोहरे. राजा, दोन घोडे, दोन रथ हे पाच जसे होते तसेच राहिले. बदलले ते तीनच, वजीर आणि दोन हत्ती. म्हणजे नेमके तेच, ज्यांच्यामुळे डाव रेंगाळत होता. मोकळ्या पटाच्या मध्यावर जुना हत्ती जास्तीत जास्त चार घरांवर मारा करी, नवा उंट तेरा घरांवर करतो. जुना वजीर चार घरांवर, नवा सत्तावीस घरांवर. घोड्याचे नाव युरोपात सरदार झाले, रथाचे बुरूज झाले, पण त्यांच्या चालींना कोणी हात लावला नाही, कारण त्यांत उणे काही नव्हते.

फरक किती पडला, ते शाळकरी मुलांना माहीत असलेल्या चार चालींच्या मातेवरून पाहता येते. राजासमोरचे प्यादे सरकवायचे, उंट बाहेर काढायचा, वजीर बाहेर काढायचा आणि चौथ्या चालीला समोरच्या राजाच्या उंटापुढचे प्यादे वजिराने मारून मात द्यायची. ते घर सातव्या ओळीतले सहावे. आता जुन्या नियमांनी हाच हल्ला करून पाहा. आपला वजीर पहिल्या ओळीतल्या चौथ्या घरावर आहे. त्याला वाट द्यायला एक प्यादे हलवावे लागेल आणि मग एकेक घर तिरपे चालत सातव्या ओळीपर्यंत सहा चाली. एकूण सात, तेही समोरचा हात बांधून बसला तर. वजिराला जोर द्यायला हत्ती हवा, तर तो त्या घरापासून तिरप्या दोन घरांवर, म्हणजे पाचव्या ओळीत चौथ्या किंवा आठव्या घरावर उभा पाहिजे. वरच्याच पद्धतीने मोजून पाहा, आपल्या दोन्ही हत्तींना पाचव्या ओळीत दुसरे, तिसरे, सहावे आणि सातवे एवढीच घरे मिळतात. डाव दिवसभर चालला तरी त्या प्याद्यावर हत्तीचा मारा येणारच नाही. आजच्या खेळातले सगळ्यात नाजूक घर जुन्या खेळात निवांत होते.

या एका बदलामागून बाकीचे बदल ओढीने आले, हेच मला सगळ्यात पटणारे प्रमाण वाटते. वजीर बलवान झाला तसा राजा उघड्यावर धोक्यात आला. त्याला आडोसा हवा झाला, म्हणून राजाची पूर्वीची एक उडी हळूहळू किल्लेकोटात बदलली. मात सोपी झाली, म्हणून एकटा राजा उघडा पाडण्याच्या विजयाची गरज उरली नाही आणि तो नियम गळून पडला. प्याद्याचा आता दुबळ्या नव्हे तर बलवान वजीर होऊ लागला, म्हणून डावाच्या अखेरीला एका प्याद्याचे मोल भलतेच वाढले. ताबिया मोडल्या, कारण समोरचा दुसऱ्याच चालीला अंगावर येऊ शकत होता. सैन्याचे चित्र बदलायचे म्हणून कोणी हे केले असते, तर बदल असे एकातून एक निघाले नसते.

यावर शेवटचा आक्षेप आहे आणि तो आकर्षक असल्यामुळे फार पसरला आहे. १४७४ मध्ये इसाबेला कॅस्टाइलच्या गादीवर आली, त्याच सुमारास पटावरची राणी बलवान झाली, तेव्हा हे राणीच्या राज्याचे प्रतिबिंब आहे, असे म्हणतात. काळ जुळतो, हे खरे. पण राणी हे नाव त्याआधी पाचशे वर्षे होते आणि त्या पाचशे वर्षांत ती एक घर चालत होती. नावाने ताकद येत नाही. शिवाय त्याच वेळी, तितक्याच मोठ्या प्रमाणात, हत्तीची चाल बदलली आणि हत्तीच्या बाजूने कुठलीही राणी उभी नव्हती. तिसरी साक्ष मराठी पटाची. आपल्याकडे तीच सत्तावीस घरांची चाल चालणारा मोहरा आजही वजीरच आहे, राजाचा मंत्री. ताकदीला स्त्रीचे रूप लागत असते, तर मराठी खेळाडूने एव्हाना त्याला राणी म्हटले असते. इसाबेलेच्या काळात लोकांना बदललेली राणी चटकन आवडली असेल, एवढे मी मान्य करीन. त्याहून अधिक काही पुरावा सांगत नाही.

मग हा बदललेला खेळ परत आला. आपल्याकडे तोवर देशी पद्धत रूढ होती. तीत प्यादे एकेकच घर सरके, किल्लेकोट नसे, शह लागण्याआधी राजा एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेई आणि प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरी पोहोचे त्याच मोहऱ्याचे होई. घोड्याच्या स्तंभात गेलेले प्यादे घोडाच व्हायचे. दोन पद्धती समोरासमोर आल्याची एक नेमकी खूण १८१४ ची आहे. त्या वर्षी मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री या दाक्षिणात्य पंडिताच्या संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर छापले गेले. विलासमणिमंजरी हे मूळ ग्रंथाचे नाव. त्यात डावाच्या अवघड स्थिती आहेत आणि त्या युरोपीय पद्धतीला जुळवून घेतल्या आहेत, हे पुस्तकाच्या शीर्षकातच सांगितले आहे. ज्या भाषेत बाणाने चतुरंगाचा श्लेष केला, त्याच भाषेतला पंडित आता पश्चिमेकडून आलेल्या चालींसाठी कोडी बेतत होता. पुढे शंभर वर्षे तरी देशातल्या खेळाडूला दोन नियम शिकावे लागले. पंजाबचा मीर सुलतान खान देशी पद्धतीवर वाढला आणि तरी १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदे जिंकून आला. सुरुवातीच्या मांडणीत तो कच्चा आणि डावाच्या अखेरीला अजोड मानला जाई. ज्या खेळात प्यादी सावकाश सरकतात आणि कोणते प्यादे कोणत्या स्तंभात पोहोचेल यावर सगळे ठरते, त्यात मुरलेल्या माणसाचे हे बळ समजण्यासारखे आहे.

देशी पद्धत आता स्पर्धांतून गेली आहे. १९५५ मध्ये एलुरूला भरलेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले आणि २०२५ च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. दोघेही व्हॅलेन्सियाच्या चालींनी खेळले. ते योग्यच आहे. नवा खेळ अधिक खोल आहे, असेच माझे मत आहे. पण जुन्या खेळाचे नियम लिहून ठेवलेले नसतील, तर आजच्या नियमांचे कारण कळणार नाही. म्हणून वाचकाला एक विनंती आहे. पुढची पाने वाचण्याआधी घरातला पट काढा. उंटांना हत्ती समजून तिरप्या दोन घरांच्या उड्या घेऊ द्या, वजिराला एकच तिरपे घर द्या, प्याद्यांना एकेक घर द्या, एकटा राजा उघडा पडला की डाव संपला असे ठरवा, आणि घरातल्या कोणाबरोबर तरी एक डाव पूर्ण खेळा. डाव लांबेल, पण कंटाळून सोडू नका.

सावली, जि. चंद्रपूर